एका वजनाच्या दोन मुली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अंगणवाडीच्या पडवीत वजनकाटा टांगला आहे आणि त्याच्या झोळीत एकापाठोपाठ एक मुले बसवली जात आहेत, असे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काही मुले रडतात, काही काट्याचीच गंमत पाहतात. सेविका आकडा वाचते आणि वहीत लिहिते. आज या रांगेतल्या दोन मुली आपण घेऊ. दोघीही बरोबर दोन वर्षांच्या आहेत आणि दोघींचेही वजन ८ किलो ७०० ग्रॅम भरले आहे. दोन वर्षांच्या निरोगी मुलीचे वजन साधारण साडेअकरा किलो असते. ९ किलोच्या खाली गेले की ते ‘कमी वजन’ मानतात. तेव्हा वहीत दोघींच्या नावापुढे एकच शेरा पडतो : कमी वजन.

आता त्यांना उंची मोजायच्या फळीपाशी उभे करू. पहिली भरते ७७ सेंटिमीटर आणि दुसरी ८६. दोन वर्षांच्या मुलीची उंची सरासरी ८५.७ सेंटिमीटर असते. म्हणजे दुसरी अगदी हवी तेवढी उंच आहे. पहिली मात्र उंचीने सव्वा वर्षाच्या मुलीएवढीच आहे. ७७ सेंटिमीटरच्या मुलीचे वजन साडेनऊ किलोच्या आसपास असावे आणि आठ किलोच्या जरा वरपर्यंत चालते. पहिली त्यात बसते. ती लुकडी नाही. तिला पाहून शेजारीण म्हणेल, ‘चणीने लहान आहे, पण अंगाने बरी आहे.’ दुसरीचे तसे नाही. ८६ सेंटिमीटर उंचीला साडेअकरा किलो वजन हवे, आणि ९ किलोच्या खाली गेले की ती अतितीव्र कुपोषित. हिचे ८ किलो ७००. हिच्या बरगड्या मोजता येतील, दंडाची कातडी सैल लोंबत असेल. वहीतला शेरा एकच, पण पहिलीची वाढ महिनोन् महिने मागे पडत आली आहे, आणि दुसरीच्या जिवाला या आठवड्यात धोका आहे.

पहिलीच्या अवस्थेला आपल्याकडे बुटकेपणा किंवा खुरटणे म्हणतात. वयाच्या मानाने उंची कमी. दुसरीच्या अवस्थेला लुकडेपणा म्हणतात. उंचीच्या मानाने वजन कमी. आणि वयाच्या मानाने वजन कमी असेल तर ते नुसते कमी वजन. आज हे तीन शब्द आरोग्य खात्याच्या प्रत्येक अहवालात असतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही ही वेगळी खाती करायची सवय नव्हती. ती कशी लागली, आणि त्यात आपल्या पुण्याचा संबंध कुठे आला, ते आज सांगायचे आहे.

सुरुवात मेक्सिकोत झाली. मेक्सिको शहरातल्या बालरुग्णालयात फेदेरिको गोमेझ नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे उपासमारीने खंगलेली मुले येत, आणि त्यांतली बरीच दगावत. कोणती मूल वाचेल आणि कोणते हातचे जाईल, हे दाखल करतानाच ओळखता यावे, असा त्यांचा प्रश्न होता. १९४० च्या दशकात त्यांनी एक साधी पद्धत काढली आणि १९५६ साली ती इंग्रजीतून मांडली. त्या वयाच्या मुलाचे जे वजन असायला हवे, त्याच्या शेकडा किती या मुलाचे आहे ते पाहायचे. ९० ते ७५ टक्के असेल तर पहिली श्रेणी, ७५ ते ६० टक्के असेल तर दुसरी आणि ६० टक्क्यांच्या खाली तिसरी. तिसऱ्या श्रेणीतली मुले सर्वाधिक मरत.

रुग्णालयाच्या दारात ही पद्धत चांगली चालली. काट्याशिवाय काही लागत नव्हते आणि हिशेब सोपा होता. पण सोय असली की वस्तू आपल्या जागेबाहेर पसरते. गोमेझ यांची श्रेणी जगभर गावोगावच्या पाहण्यांत वापरली जाऊ लागली. आपल्याकडेही १९७२ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तशीच, पण चार श्रेणींची पद्धत घेतली. शेवटची श्रेणी ५० टक्के व त्याहून कमी वजनाची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडीत हीच पद्धत गेली. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ नंतर सतत येत राहिल्या. त्या वाचलेल्यांना ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके’ हे शब्द आठवत असतील. ती श्रेणी वयानुसार वजनाची होती. आपल्या दोन मुलींना तिने एकाच रांगेत बसवले असते.

वजनाच्या एकाच आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. मूल हलके असते ते एक तर ठेंगणे असल्यामुळे किंवा बारीक असल्यामुळे, किंवा दोन्ही असल्यामुळे. वाण्याकडची उधारी आणि घराचे जुने कर्ज यांची बेरीज करून एकच रक्कम सांगितली, तर माणूस आज अडचणीत आहे की पूर्वीपासून, हे कळणार नाही. तसेच हे आहे.

ही बेरीज सोडवण्याचे काम प्रामुख्याने जमैकात झाले. जॉन वॉटरलो हे इंग्रज डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कुपोषित मुलांचा अभ्यास करायला वेस्ट इंडीजमध्ये गेले. १९५० च्या दशकात त्यांनी जमैकातल्या विद्यापीठाच्या आवारात एक संशोधन केंद्र उभे केले. त्याला जोडून छोटासा वॉर्ड होता. खंगलेली मुले तिथे दाखल व्हायची आणि बरी होईपर्यंत राहायची. रोज सकाळी वजन आणि खाल्लेल्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवला जाई.

या वॉर्डात अ‍ॅन अ‍ॅशवर्थ या संशोधिकेला एक गोष्ट दिसली, ती तिने १९६९ साली प्रसिद्ध केली. जीव सावरल्यावर या मुलांना हवे तेवढे दूध-तेल-साखरेचे पौष्टिक मिश्रण दिले, की ती अक्षरशः तुटून पडत. त्यांचे वजन त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या कित्येक पट वेगाने वाढे. मग एक दिवस भूक अचानक उतरे. कालपर्यंत वाटी चाटणारे मूल आज अर्ध्यातच तोंड फिरवी. नर्सला वाटे, पुन्हा आजारी पडले की काय! पण तसे नसे. ही भूक कधी उतरते ते पाहिले, तेव्हा एकच खूण सापडली. मुलाचे वजन त्याच्या उंचीला शोभेल इतके झाले की भूक उतरत असे. वयाला शोभेल इतके नव्हे, उंचीला. ते मूल अजूनही आपल्या वयाच्या मानाने ठेंगणे आणि म्हणून हलकेच होते. पण शरीराने आपले तातडीचे देणे फेडले होते आणि ते आता नेहमीच्या खाण्यावर आले होते.

मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यांत मोलाचा वाटतो. गणिताने दोन खाती वेगळी करण्याआधी मुलांच्या पोटाने ती वेगळी करून दाखवली होती.

१९७१ साली सिओन आणि लॅथम या दोघांनी एक निबंध लिहून आजचे कुपोषण आणि पूर्वीचे कुपोषण वेगळे मोजा, असे सुचवले. त्याच सुमारास वॉटरलो लंडनला परतले होते. १९७२ आणि १९७३ साली त्यांनी दोन छोटे लेख लिहिले. उंचीच्या मानाने कमी वजन असेल त्याला त्यांनी झिजणे या अर्थाचा इंग्रजी शब्द दिला आणि वयाच्या मानाने कमी उंचीला खुरटणे या अर्थाचा. मग चार घरांचा एक साधा चौकोन काढला. एका बाजूला उंचीची रेघ, अपेक्षेच्या ९० टक्क्यांवर. दुसऱ्या बाजूला वजनाची रेघ, त्या उंचीच्या अपेक्षेच्या ८० टक्क्यांवर. मूल चारपैकी एका घरात पडते : ठीक, नुसते बुटके, नुसते लुकडे, किंवा दोन्ही. टक्क्यांची जागा पुढे संख्याशास्त्रातल्या प्रमाण विचलनाने घेतली, कारण उंचीतले दहा टक्के आणि वजनातले दहा टक्के यांचा अर्थ सारखा नसतो. पण चौकोन तोच राहिला.

यात एक व्यवहारी फायदाही होता. तेव्हा बहुतेक गरीब देशांत जन्माची नोंद नव्हती. मूल किती महिन्यांचे, असे विचारले तर आई म्हणणार, ‘पोळ्याच्या सुमाराला झाले.’ कोणत्या वर्षीचा पोळा, यावरून घरात वाद. वयानुसार वजन काढायचे तर वय हवे. उंचीनुसार वजनाला वयाची गरजच नाही. फळी आणि काटा पुरे.

आता शरीरात काय होते ते थोडक्यात पाहू, म्हणजे ‘पूर्वी’ आणि ‘आता’ हे शब्द कुठून आले ते कळेल. अन्न तुटले किंवा हगवणीने अंगातून वाहून गेले, की शरीर आधी चरबी आणि मग स्नायू जाळते. हे दिवसांत, आठवड्यांत होते. त्याच वेळी हाडांची लांबी वाढवण्याचे काम बाजूला ठेवले जाते, कारण ते पुढे ढकलता येते. मूल सावरले की वजन भरून येते. उंची मात्र कमी होत नाही, फक्त थांबते, आणि तो थांबलेला काळ मागे राहून जातो. पावसाळ्यात दोनदा हगवण, हिवाळ्यात खोकला, मध्ये आई पुन्हा गरोदर, पातळ पेज आणि दूध नाही, असे एकेक महिने जमत गेले की बुटकेपणा तयार होतो. तो एका दुष्काळाने येत नाही. बऱ्याच साध्या, न दिसणाऱ्या महिन्यांनी येतो.

म्हणून परतफेडीचा हिशेबही वेगळा असतो. आपली दुसरी मुलगी घ्या, ८६ सेंटिमीटर आणि ८ किलो ७००. तिला योग्य उपचार आणि आहार मिळाला तर अशी मुले दर किलोमागे रोज दहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन वाढवतात. म्हणजे हिचे रोज सुमारे ९० ग्रॅम. लुकडेपणाची रेघ तिच्या उंचीला ९ किलो ८०० च्या आसपास आहे. १ किलो १०० ग्रॅमचे अंतर बारा-तेरा दिवसांत कापता येते. घरच्या आहारावर निम्म्या वेगाने वाढली तरी महिन्याच्या आत. पहिल्या मुलीचे अंतर आहे ८.७ सेंटिमीटर. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान निरोगी मुलगी सुमारे साडेनऊ सेंटिमीटर वाढते. म्हणजे ही मागची बाकी एका वर्षात फेडायची तर तिने वर्षभर जवळपास दुप्पट वेगाने उंच व्हायला हवे. असे सहसा घडत नाही. आणि तिला दुसरीसारखा तेला-साखरेचा मारा केला तर ती उंच न होता जाड होईल.

वहीतल्या शेऱ्याने फसण्याची आणखी एक तऱ्हा आहे. तिसरी मुलगी कल्पा : दोन वर्षांची, ७७ सेंटिमीटर उंच, वजन ९ किलो ६००. वजनाच्या तक्त्यावर ती हिरव्या पट्ट्यात. तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. पण ती पहिलीइतकीच खुरटलेली आहे. नुसत्या वजनाच्या काट्याला ती कधीच दिसणार नाही.

आता पुण्याकडे येऊ. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी अनेक वर्षे संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. त्यांचे म्हणणे असे होते की माणसाची अन्नाची गरज हा एक ठरलेला आकडा नसतो. एकाच माणसाची गरजही काळानुसार वरखाली होते आणि काही मर्यादेपर्यंत शरीर जुळवून घेते. म्हणून ठराविक उष्मांकांच्या रेषेखाली आलेल्या सगळ्यांना उपाशी म्हणणे चूक आहे. यावरून त्यांचा आणि डॉ. वि. म. दांडेकरांचा १९८० च्या दशकाच्या आरंभी चांगलाच वाद रंगला. दोघेही पुण्याचे, दोघेही आकडेवाले. त्यामुळे वादाला धारही तशीच होती.

१९८२ साली सुखात्म्यांच्या संपादनाखाली विज्ञानवर्धिनीने पोषणविषयक नव्या कल्पनांवर एक इंग्रजी ग्रंथ काढला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा एक लेख होता. त्याचे शीर्षक मराठीत सांगायचे तर ‘लहान पण निरोगी’. सेक्लरने वॉटरलोंचाच चौकोन हाती घेतला. तो म्हणाला, वयानुसार वजनाच्या पद्धतीने तुम्ही ज्या कोट्यवधी मुलांना सौम्य वा मध्यम कुपोषित म्हणता, त्यांतली बहुतेक लुकडी नाहीतच. ती फक्त ठेंगणी आहेत, आणि उंचीच्या मानाने त्यांचे वजन ठीक आहे. म्हणजे शरीराने कमी अन्नाशी जुळवून घेतले आहे. मग त्यांना कुपोषित का म्हणायचे? खरी मदत लुकड्यांना द्या.

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यातले पहिले अर्धे वाक्य खरे होते : बहुतेक कमी वजनाची मुले ठेंगणीच होती. घोटाळा दुसऱ्या अर्ध्यात होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची धुरा पूर्वी सांभाळलेले डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ साली त्याला उत्तर दिले. लहान असणे निरोगी आहे ते कुणासाठी, गरिबांसाठी फक्त, श्रीमंतांसाठी नाही? असा त्यांचा रोख होता. ठेंगणेपणा ही निवड नाही. मूल वारंवार आजारी पडले, अपुरे खाल्ले आणि हरले, त्याची ती खूण आहे. शिवाय अशी ठेंगणी मुलगी आई होते तेव्हा तिचे बाळ कमी वजनाचे जन्मते, आणि हिशेब पुढच्या पिढीच्या नावावर चढतो.

या वादाचे सर्वांत सबळ उत्तर पुण्यातून किंवा हैदराबादेतून आले नाही. ते ग्वाटेमालातून आले. तिथे १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला होता. दोन खेड्यांत आतोले नावाची प्रथिनयुक्त, ताकदीची पेज दिली जाई. उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड सरबत. रोज ठरल्या वेळी गावच्या केंद्रात, येईल त्याला. पेज मिळालेली मुले तीन वर्षांपर्यंत अधिक उंच झाली. सर्वाधिक फरक पहिल्या वर्षात पडला, दुसऱ्यात कमी, आणि तीन वर्षांनंतर पेज मिळाली तर उंचीवर परिणाम जवळपास काही नाही. ही मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. लहानपणी, पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सरबतवाल्यांपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त निघाली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. सुखात्म्यांना तो पाहता आला नाही, ते १९९७ साली गेले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. माणसाच्या गरजेला एकच आकडा चिकटवू नका, हा त्यांचा इशारा आजही खोटा ठरलेला नाही. मुलाच्या उंचीला तो लावला, तिथे तो ताणला गेला.

दुसरा आक्षेप अनेकांच्या मनात येतो : आपण भारतीय मुळातच बुटके नाही का? १९७० च्या दशकापासून जगभर वापरलेला तक्ता अमेरिकेचा होता. त्यातला दोन वर्षांखालचा भाग ओहायोतल्या, बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून बांधला होता. त्यामुळे आक्षेपात तथ्य होते. म्हणून १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा ठिकाणची मुले मोजली : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. सुस्थितीतली घरे, आईचे दूध, धूम्रपान न करणाऱ्या आया. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. या सहाही ठिकाणच्या मुलांच्या उंचीत इतका थोडा फरक निघाला की सगळ्यांना मिळून एकच तक्ता बांधता आला. तो २००६ साली आला, आणि आज मी जे आकडे सांगितले ते त्याचेच आहेत. वाद मात्र तरीही संपला नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ साली एकच तक्ता सर्व देशांना लावण्यावर पुन्हा प्रश्न उभा केला होता.

आता आपल्या राज्याचे आकडे या नजरेने वाचून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३७ टक्के मुले कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ३६ टक्के होती. म्हणजे पंधरा वर्षांत काहीच झाले नाही, असे वाटेल. पण बेरीज सोडवा. बुटकी मुले ४६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आली. लुकडी मुले साडेसोळा टक्क्यांवरून साडेपंचवीस टक्क्यांवर गेली. एक आकडा खाली, दुसरा वर, आणि वजनाचा आकडा मध्ये स्वस्थ बसलेला. ज्या अधिकाऱ्याने फक्त वजन पाहिले त्याला या पंधरा वर्षांतले भलेही दिसले नसते आणि बुरेही.

मात्र इथे थोडे थांबले पाहिजे. मोजणीतली एक चूक हुबेहूब असेच चित्र उभे करू शकते. उंची वजनापेक्षा मोजायला कठीण. मुलाने गुडघे वाकवले की ते ठेंगणे भरते. मग ते बुटके ठरते आणि त्याच वेळी लुकडे ठरत नाही. उलट उंची दोन सेंटिमीटर जास्त वाचली तर बुटकेपणा झाकला जातो आणि लुकडेपणा उगवतो. दोन वर्षांखालच्या मुलाला निजवून मोजतात, त्यावरच्याला उभे करून. निजवून मोजले तर लांबी सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त येते, आणि ही अदलाबदल नेहमी होते. वयात चूक झाली तर बुटकेपणा बदलतो, लुकडेपणाला धक्का लागत नाही. पायावर सूज असलेले मूल काट्यावर जड भरते आणि लुकडे असूनही सुटते. म्हणून जाणकार आधी आकड्यांची वही पाहतो : बहुतेक उंची शून्यावर किंवा पाचावरच संपत असतील, आणि वये २४ आणि ३६ महिन्यांवर गोळा झाली असतील, तर फळी नीट वापरली गेली नाही. शिवाय लुकडेपणा हंगामाबरोबर हलतो. पावसाळ्यातली पाहणी आणि सुगीनंतरची पाहणी यांची तुलना जपून करावी. महाराष्ट्रात बुटकेपणा घटला हे मात्र २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांच्या एका स्वतंत्र पाहणीतही दिसले होते. तेव्हा तेवढे तरी फळीच्या चुकीने झाले नसावे, असे मला वाटते.

शेवटी ‘बुटकेपणा म्हणजे भूतकाळ, लुकडेपणा म्हणजे वर्तमान’ हे सूत्र कुठे मोडते तेही सांगतो. चार वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या पहिल्या दोन वर्षांची गोष्ट सांगते. पण दहा महिन्यांच्या बाळाची उंची मागे पडत असेल तर तो भूतकाळ नाही, ते खुरटणे आत्ता, या महिन्यात चालू आहे आणि थांबवता येते. आणि लुकडेपणाचे आपल्याकडचे चित्र तर उलटेच आहे. पाहण्यांत तो सर्वांत जास्त दिसतो तो जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा बाळाने आपल्या तोंडाने फारसे काही खाल्लेलेच नसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजून इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. इथल्या बाळाचे वजन सरासरी २.७ किलो, तिथल्याचे ३.५. इथली बाळे लांबीला तितकी कमी नव्हती. कमी होते ते दंडाचे आणि पोटाचे मांस. कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. त्या बाळाच्या अंगावर जो लुकडेपणा मोजला गेला तो त्याच्या आईच्या जेवणाचा होता, आणि तिच्या उंचीत तिचे स्वतःचे बालपणही होते.